गाठीमागे दहा रुपये: नव्या सॉफ्टवेअरचा दर खर्चावरून ठरवावा की गिऱ्हाइकाच्या फायद्यावरून?

धरणगावकडच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या गिरणीच्या ऑफिसात पहिल्यांदा आमचं सॉफ्टवेअर दाखवलं, तेव्हा शेठनी दोन मिनिटं स्क्रीनकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "महिनाना कितला लागतीन, भाऊ?"

मी म्हणालो, पाच हजार. "पाचच का?" मग मी सर्व्हरचं भाडं, दोघांचे पगार, सपोर्टच्या पोराचा पगार, ऑफिसचं लाइट बिल असं सगळं सांगत बसलो. शेठनी ऐकून घेतलं आणि हसत म्हणाले, "तुझा पगार मी माझ्या वहीत कोणत्या खात्याला लिहू?"

दर ठरवायच्या दोन पद्धतींतला फरक मला त्या दिवशी कळला. आपला खर्च काढून त्यावर नफा चढवायचा, ही कॉस्ट-प्लस पद्धत. गिऱ्हाइकाला आपल्यामुळे किती पैसे सुटतात ते काढून त्यातला हिस्सा मागायचा, ही व्हॅल्यू-बेस्ड पद्धत. खाली एकाच उदाहरणावर दोन्ही चालवून दाखवतो. उदाहरण कापसाच्या जिनिंगचं आहे, कारण मला तेच ठाऊक आहे. आकडे हिशोब कळावा म्हणून गोल केलेत. रुई-सरकीचे भाव रोज बदलतात, तेव्हा तुम्ही तुमच्या दिवसाचे घाला.

आधी सॉफ्टवेअर काय करतं ते सांगतो. गाडी काट्यावर आली की वजन आपोआप नोंदलं जातं. सोबत ओलावा, गाव, माल कोणी पाठवला आणि तो कोणत्या ढिगात पडला हेही जातं. त्या ढिगाची जिनिंग झाली की रुई किती, सरकी किती, घट किती हे कळतं, आणि त्यावरून शंभर किलोमागे रुई किती निघाली, म्हणजे त्या मालाचा उतारा कळतो. एवढंच. हिशोबाची पुस्तकं टॅलीतच राहतात, त्यात आम्ही हात घालत नाही.

पायरी 1: खर्चाचा कागद

आमचा वर्षाचा ठरलेला खर्च असा होता. आम्हा दोघांचा घरखर्चापुरता पगार 9,60,000. सपोर्टचा एक मुलगा, 2,16,000. ऑफिसचं भाडं, वीज आणि नेट 1,20,000. सर्व्हर 72,000. सीए आणि किरकोळ मिळून 72,000. बेरीज 14,40,000 रुपये. एकही गिरणी आली नाही तरी हा जाणारच.

गिरणीगणिक होणारा खर्च वेगळा. पहिल्यांदा काट्याला जोडणी करणं, दिवाणजींना शिकवणं, त्यासाठीची दोन दिवसांची ये-जा, हे धरून 8,000. हंगामभरचे मेसेज आणि अधूनमधूनच्या फेऱ्या 4,000. म्हणजे पहिल्या वर्षी एका गिरणीला 12,000.

स्वतःचा पगार या कागदावर लिहायचाच. खान्देशात सुरू झालेल्या छोट्या सॉफ्टवेअर धंद्यांत मी हीच चूक सर्वांत जास्त पाहिली आहे. घरचं शेत असतं, राहायला घर असतं, म्हणून पगार शून्य धरतात आणि दर स्वस्त ठेवतात. तीन वर्षांनी लग्न ठरतं, पगार घ्यावा लागतो, आणि तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांकडे दर वाढवायला तोंड उरत नाही.

पायरी 2: आता त्यावर नफा चढवून पाहा

आम्ही ठरवलं, खर्चावर 25 टक्के. (खर्चावर 25 टक्के चढवले की विक्रीच्या दरात नफा 20 टक्केच असतो. भागीदाराशी बोलताना कुठला टक्का म्हणताय ते आधी स्पष्ट करा. आमचं यावरून एकदा चांगलंच वाजलं होतं.)

पण 14,40,000 किती गिरण्यांत वाटायचे? 40 गिरण्या धरल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला 36,000, अधिक 12,000, म्हणजे 48,000. त्यावर नफा चढवून दर 60,000 रुपये वर्षाला. 20 धरल्या तर खर्च 84,000 आणि दर 1,05,000. आणि 10 च धरल्या तर खर्च 1,56,000 आणि दर 1,95,000.

म्हणजे गिऱ्हाईक जितकं कमी, तितका दर जास्त! गिऱ्हाईक येत नसेल तर माणूस दर उतरवायचा विचार करेल, हा कागद मात्र चढवायला सांगतो. शिवाय किती गिरण्या येतील हे दरावरच अवलंबून, आणि दर गिरण्यांच्या संख्येवर. घाण्याच्या बैलासारखं गोल गोल फिरत राहता. हॉटेलवाल्याला ही अडचण एवढी येत नाही, कारण त्याच्या प्रत्येक ताटात डाळ, तांदूळ आणि गॅस ताटागणिक खरोखर खर्च होतो. सॉफ्टवेअरमध्ये खर्चाचा मोठा भाग आधीच होऊन गेलेला असतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा खर्च थोडासाच असतो.

आम्ही आशेवर 40 धरल्या आणि महिना पाच हजार सांगितले. पहिल्या हंगामात आल्या नऊ. नऊ गिरण्यांचे 5,40,000 जमा, त्यातून त्यांच्यावरचा 1,08,000 खर्च वजा, उरले 4,32,000. ठरलेला खर्च 14,40,000. दहा लाखांवर तोटा, आणि तोही "खर्चावर 25 टक्के नफा" धरून!

तरी हा कागद फाडू नका. त्यातून दोन आकडे मिळतात आणि ते दोन्ही लागतात. एक तळाचा: एका गिरणीकडून 12,000 च्या खाली घेतले तर ती गिरणी घेतल्यानंच तोटा वाढतो. दुसरा संख्येचा: 60,000 दरानं प्रत्येक गिरणी 48,000 हाती ठेवते, म्हणजे नुसतं बरोबरीत यायला 30 गिरण्या लागतात. तुमच्या पंचक्रोशीत तेवढ्या गिरण्या तुम्हाला गाठता येतात का, हे आधीच कळतं. पण गिऱ्हाइकाला दर काय सांगायचा, याचं उत्तर या कागदात नाही.

पायरी 3: गिरणीत जाऊन बसा

फायदा ऑफिसात बसून काढता येत नाही. आम्ही आधी काढला होता आणि त्यात "वेळेची बचत" पहिल्या नंबरवर होती. गिरणीत गेल्यावर कळलं, दिवाणजी पगारावर आहेत, त्यांचा रोजचा तास वाचला म्हणून शेठचा एक रुपयाही वाचत नाही. दिवाणजींना मात्र तो तास प्यारा असतो, त्यामुळे ते आपल्या बाजूनं बोलतात. चेक सही करणारा दुसराच असतो.

खरा पैसा कुठे होता, ते एका जुन्या रजिस्टरच्या पानावर दिसलं. पिवळट पान, डावीकडे गाडीचा नंबर, मग वजन, भाव, रक्कम. ओलाव्याच्या रकान्यात पहिल्या चार गाड्यांपुढे आकडा, पुढे सगळीकडे नुसतं खालीवर दोन ठिपके: "वरीलप्रमाणे". सकाळी मीटर लावला, गर्दी झाल्यावर सोडून दिला. बाजार समितीतून आलेला, शेतकऱ्यानं थेट आणलेला आणि खेडा खरेदीवाल्यानं गावोगाव फिरून भरलेला असा सगळा माल एका भावानं घेतला होता आणि एकाच ढिगात ओतला होता. संध्याकाळी एकूण उतारा 33.9 आला. कोणाच्या मालानं तो खाली ओढला हे देवालाही सांगता आलं नसतं.

ज्यांना जिनिंग माहीत नाही त्यांच्यासाठी: 100 किलो कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, 64 च्या आसपास सरकी, बाकी घट. रुईची गाठ 170 किलोची, म्हणजे 34 च्या उताऱ्याला पाच क्विंटल कापसाची एक गाठ. रुई 150 रुपये किलो आणि सरकी 30 रुपये किलो धरली, तर एक किलो सरकीच्या जागी रुई निघाली की 120 रुपये जास्त. उताऱ्यात 0.1 चा फरक म्हणजे क्विंटलला 100 ग्रॅम रुई, म्हणजे 12 रुपये. ओलाव्याचं गणित सगळ्यांना तोंडपाठ असतं. सरकारी कापूस खरेदी करणारी सीसीआय 8 टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते, 12 पर्यंत कपात करून घेते आणि त्यापुढे घेत नाही, हे शेठना आपण सांगायची गरज नसते. उताऱ्याचं गणितही त्यांना येतं. पण ते माल पाठवणाऱ्यानिहाय मांडलेलं कोणाकडेच नसतं.

पायरी 4: पंधरा दिवसांची चाचणी

आम्ही एका मध्यम गिरणीला, हंगामाला 40,000 क्विंटल कापूस म्हणजे 8,000 गाठी, नोव्हेंबरात पंधरा दिवस फुकट वापरायला दिलं. अट एकच होती. तीन ठिकाणचा माल प्रत्येकी शंभर क्विंटल वेगळ्या ढिगात टाकायचा, वेगळा चालवायचा आणि रुई-सरकी वेगळी तोलायची. हे दोनदा. शंभर क्विंटल म्हणजे वीसच गाठी, तेवढ्यासाठी मशिनं रिकामी करून घेणं फिटरला आवडत नाही. त्याला आधीच विश्वासात घ्या, नाहीतर ढीग "चुकून" मिसळतो. आमचा पहिला मिसळला.

दोन्ही वेळा चित्र तेच निघालं. पहिल्या दोन ठिकाणच्या मालाचा उतारा 34.1 च्या जवळपास, तिसऱ्याचा, म्हणजे एका खेडा खरेदीवाल्याचा, 33.5. फरक 0.6. क्विंटलला 72 रुपये. त्याच्याकडून हंगामाला 6,000 क्विंटल येतो आणि भाव सगळ्यांना सारखाच. 6,000 गुणिले 72, म्हणजे 4,32,000 रुपये.

शेठनी कॅल्क्युलेटर माझ्या हातातून घेतला आणि स्वतः परत गुणाकार केला. त्या क्षणी मी गप्प राहिलो, आणि ते बरं झालं. आकडा गिऱ्हाइकानं स्वतःच्या वहीवरून, स्वतःच्या बोटांनी काढलेला असेल तरच तो पुढच्या बोलण्यात टिकतो. आपण पॉवरपॉइंटवर दाखवलेला आकडा दाराबाहेर पडेपर्यंत विसरला जातो.

चाचणीत एक सापळा आहे. नोव्हेंबरचा पहिल्या वेचणीचा कापूस आणि फेब्रुवारीतली फरदड, म्हणजे त्याच झाडांवरचा शेवटचा कापूस, यांची तुलना करून "आमच्यामुळे फरक पडला" असं कधीही म्हणू नका. माल वेगळा, ओलावा वेगळा, शेठ एका वाक्यात तुम्हाला उघडं पाडतील. तुलना एकाच आठवड्यातल्या, त्याच मशिनवरच्या मालाची हवी. गेल्या वर्षीशी तुलनाही अशीच फसवी असते. पाऊस कमी पडला की उतारा आपोआप बदलतो.

आणि चाचणीत फरक निघालाच नाही तर? असं आमचं एका गिरणीत झालं. त्यांचा बहुतेक माल एकाच बाजार समितीतून यायचा आणि ग्रेडर तीस वर्षं मुरलेला. कापूस मुठीत दाबून तो सांगायचा तो अंदाज आमच्या आकड्याशी जुळला. तिथे आमचा फायदा जवळजवळ शून्य. अशा गिरणीला फायद्यावरचा दर सांगायला जाऊ नका.

पायरी 5: फायदा ते दर

4,32,000 हा कागदावरचा फायदा. यातला सगळा आपल्याला मोजता येत नाही. तो खेडा खरेदीवाला भाव कमी केल्यावर दुसऱ्या गिरणीकडे जाईल, किंवा थोडं कमी करून थोडं तसंच चालेल. शेठना विचारलं, यातले तुमच्या मते किती हाती येतील? ते म्हणाले, निम्मे. निम्मे म्हणजे 2,16,000. ओलाव्याचा आणखी एक मीटर, काट्यावर गर्दीच्या वेळी ठेवायचा माणूस, असा त्यांच्या बाजूचा खर्च 36,000 वजा केला. राहिले 1,80,000.

आता एक प्रश्न नवखे लोक विसरतात: आपण नसतो तर गिऱ्हाइकानं काय केलं असतं? इथे उत्तर होतं, गावातला एक एक्सेलवाला. तो हंगामाला 20,000 घेऊन शीट बनवून देतो. काट्याला जोडणी नाही, नोंद हातानं, त्यामुळे गर्दीत चुकते. तरी त्यातून एक तृतीयांश फायदा, म्हणजे 60,000 मिळेल असं धरू. वीस हजार देऊन शेठच्या हाती 40,000 उरतात. आपल्याकडून त्याहून जास्त उरले पाहिजेत, नाहीतर ते आपल्याकडे का येतील? म्हणून 1,80,000 मधून 40,000 वजा, 1,40,000 ही आपली कमाल. तळ 12,000, छत 1,40,000.

या दोहोंच्या मध्ये कुठे? सॉफ्टवेअरच्या धंद्यात फायद्याचा दहावा ते पाचवा हिस्सा घ्यावा असा एक ठोकताळा सांगतात. तो कागदावरच्या फायद्याला लावायचा असतो. 4,32,000 चा दहावा हिस्सा 43,000 आणि पाचवा 86,000. आम्ही 80,000 ठरवले. शेठच्या खात्रीच्या 1,80,000 मधून आम्हाला 80,000 आणि त्यांना लाख रुपये. हे वाटप मला छातीवर हात ठेवून सांगता येत होतं, म्हणून तो आकडा धरला. एक लाख वीस हजारही मागता आले असते, पण पहिल्या वर्षी आमची काट्याशी जोडणी दोनदा बंद पडणार हे मला माहीत होतं.

पायरी 6: कशामागे घ्यायचे?

80,000 ही रक्कम एका गिरणीपुरती. तीन हजार गाठींच्या गिरणीला ती जड, वीस हजारांच्या गिरणीला चिल्लर. बाहेरची सॉफ्टवेअरं वापरणाऱ्या माणसांमागे पैसे घेतात. जिनिंगमध्ये एक दिवाणजी आणि एक काटेवाला असतो, मग गिरणी कितीही मोठी असो. माणसामागे दर लावला तर ते एकाच लॉगिनवर चौघं बसतील. पासवर्ड भिंतीवर खडूनं लिहिलेला मी पाहिलाय.

फायदा कापसाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून मोजमापही कापसाचं हवं. 80,000 भागिले 8,000 गाठी, गाठीमागे दहा रुपये. हे वाक्य शेठना लगेच कळतं, कारण मजुरी, पॅकिंग, प्रेसिंग सगळं ते गाठीमागेच बोलतात.

यातही खाच आहे. चालू हंगामाच्या गाठींवर बिल लावलं की दिवाणजी गाठी सॉफ्टवेअरमध्ये टाकायला कचरतात, आणि ज्या नोंदीवर आपला फायदा उभा आहे तीच नोंद मार खाते. म्हणून आम्ही गेल्या हंगामाच्या गाठी धरतो. प्रत्येक गाठीवर क्रमांक पडतोच, विक्रीची बिलंही असतात, त्यामुळे आकड्यावर वाद होत नाही. यंदा गाठी वाढल्या तरी यंदाचं बिल तेच. किमान रक्कम 40,000, कारण त्याखाली आम्हाला फेऱ्या परवडत नाहीत. पीक पडलं आणि गाठी निम्म्याच्या खाली गेल्या, तर फरक पुढच्या बिलात वळता करतो. हे कलम आम्ही स्वतःहून घातलं, आणि दर पटायला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

महिन्याचं बिल मात्र बंद केलं. जिनिंग साधारण दसऱ्या-दिवाळीपासून जोर धरते आणि उन्हाळ्यात थंडावते. मे महिन्यात बंद गिरणीला पाच हजारांचं बिल गेलं की शेठ म्हणतात, "बंद करून टाक, ऑक्टोबरात बघू." ऑक्टोबरात परत उंबरठे झिजवा. आता हंगामाचं एकच बिल आहे: निम्मं काटा सुरू होताना, निम्मं संक्रांतीच्या सुमारास. दर सांगताना "अधिक 18 टक्के जीएसटी" हे लेखी घालतो. न घातलेले 18 टक्के नंतर तुमच्याच खिशातून जातात.

खर्चावरचा दर कुठे ठेवायचा

वर्गणी फायद्यावर ठरवली, तरी काही कामं आम्ही आजही खर्चावरच लावतो. काट्याची जोडणी हे त्यातलं मुख्य. कुठे नवा इंडिकेटर असतो, अर्ध्या दिवसात काम होतं. कुठे पंधरा वर्षांपूर्वीचा डबा, त्याची वायर उंदरानं कुरतडलेली, डेटा कोणत्या वेगानं येतो ते कागदावर कुठेच नाही. या मेहनतीचा शेठच्या उताऱ्याशी काही संबंध नाही, पण आमचे दिवस मात्र जातात. म्हणून प्रत्यक्ष खर्च अधिक 25 टक्के, साधारण 8,000 चे 10,000, एकदाच आणि वेगळ्या बिलावर. "आम्हाला असा रिपोर्ट वेगळा करून द्या" यालाही हाच नियम.

यानं बरोबरीचं गणितही बदलतं. जोडणी वेगळी निघाली की 80,000 च्या गिरणीमागे हंगामाचा 4,000 च खर्च उरतो, हाती 76,000. 14,40,000 भरायला 30 ऐवजी 19 गिरण्या पुरतात. नऊ गिरण्यांवर आम्ही तरीही तोट्यातच होतो, ते दरानं झाकलं जाणार नव्हतं. दोघांपैकी एकानं वर्षभर जळगावात नोकरी केली.

संपूर्ण दर खर्चावरच ठेवावा अशी गिऱ्हाइकंही असतात. सहकारी सूतगिरणी निविदेत खर्चाचा तपशील मागते, तिथे फायद्याचं बोलणं ऐकायला टेबलापलीकडे कोणी नसतं. हजेरीसारखं सॉफ्टवेअर असेल, ज्याचा फायदा रुपयांत मोजताच येत नाही आणि तसंच आणखी दहाजण विकतात, तिथेही खर्च आणि बाजारभाव पाहून गपचूप दर लावावा. तुमचं सॉफ्टवेअर कुठल्या जातीचं, हे चौथ्या पायरीची चाचणी सांगते. गिऱ्हाइकाला स्वतःच्या वहीतून रुपये काढता आले तर फायद्यावर, नाही आले तर खर्चावर.

दर सांगताना

आधी चाचणीचा कागद, मग दर. उलट केलं की सगळं बोलणं दरावरच अडकतं. "आमचा खर्च एवढा येतो" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. ते काढलं की शेठ तुमच्या खर्चात घासाघीस सुरू करतात, आणि त्यांना ती तुमच्यापेक्षा चांगली जमते.

घासाघीस तरी होणारच. नुसती सूट देऊ नका, बदल्यात काही घ्या: सगळी रक्कम आगाऊ दिली तर पाच टक्के कमी, किंवा दोन हंगामांचा करार केला तर जोडणी फुकट. कारण न सांगता दिलेली सूट लपत नाही. सकाळी बोदवडला दिलेला भाव दुपारच्या चहाला जामनेरात पोचलेला असतो. गाठीमागे दहा हा दर सगळ्यांना सारखा असला की कोणी विचारलं तरी सांगता येतो.

दर चुकलाय हे दोन खुणांवरून कळतं. दहा जणांना सांगितला आणि एकानंही भुवई उचलली नाही, तर कमी सांगितलाय. आमचे पाच हजार असेच होते, लोक लगेच "हो" म्हणायचे. ज्यांच्याकडे चाचणीत फरक निघाला तेही दर ऐकून मागे सरले, तर त्यांना फायद्याचा आकडाच पटलेला नाही. तेव्हा दर कमी करू नका, परत ढिगापाशी जा. आणि चाचणी न घेताच महाग म्हणणाऱ्याचं मत अजून धरूच नका.

जुन्या नऊ गिरण्या

महिना पाच हजारांवर घेतलेल्या नऊ गिरण्यांचं काय करायचं, हे आम्हाला सर्वांत अवघड गेलं. त्यांतल्या तीन गिरण्या सहा हजार गाठींच्या आतल्या होत्या, त्यांना नवा दर उलट स्वस्त पडत होता. त्यांना लगेच बदललं. उरलेल्या सहांना एक हंगाम जुनाच दर ठेवला, पण संक्रांतीच्या बिलासोबत त्यांच्याच डेटावरून काढलेला माल पाठवणाऱ्यानिहाय उताऱ्याचा तक्ता दिला आणि पुढच्या हंगामाचा दर खाली छापला. पाच राहिल्या. एक सोडून गेली. एका शेठनी तो तक्ता लॅमिनेट करून काट्याच्या खोलीत लावलाय, त्यांचं पुढच्या हंगामाचं बिल 1,12,000 चं आहे. खेडा खरेदीवाले आता गाडी उभी करायच्या आधी तिकडे एक नजर टाकतात.